आजोबांचा वाडा आणि आजोबांची खोली

प्रश्न : "मी एक लघुकथा लिहीत आहे. नायिका आर्किटेक्ट आहे आणि नागपूरच्या महाल भागातला आजोबांचा जुना वाडा ती नव्याने उभा करते आहे. काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ती प्रत्यक्षात कसे ठरवेल? झोपाळा, देवघर, आठवणी एवढ्यावर कथा चालवायची नाही. या क्षेत्रातल्या माणसाला ती खोटी वाटू नये."

उत्तर :

जुनी घरे दुरुस्त करण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे, त्यामुळे आधी तुमच्या कथेतल्या एका गृहीतकाबद्दल लिहितो. ज्याला आपण "आजोबांचा वाडा" म्हणतो तो बहुधा आजोबांनी बांधलेला नसतो. महालातल्या जुन्या वाड्यांची सागवानी चौकट आजोबांच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांची असते; आजोबांना तो वाडा वाटणीत मिळालेला असतो आणि त्यांनी त्यात स्वतःच्या हाताने काही भर घातलेली असते. ती भर म्हणजे सहसा माडीवरची एक पक्की खोली, तिला लागून केलेली मोरी आणि खालच्या भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत केलेला सिमेंटचा गिलावा. तुमच्या नायिकेपुढची खरी अडचण इथेच आहे, कारण वाड्याला झालेली इजा शोधत गेले की माग पुष्कळदा याच तीन गोष्टींपाशी येऊन थांबतो. जे सर्वांत जास्त आजोबांचे असते तेच वाड्याला सर्वांत जास्त जड झालेले असते.

हे प्रत्येक वाड्यात असेच असते असे नाही. छत किती वर्षे गळत होते, वाडा महानगरपालिकेच्या वारसा यादीत आहे की नाही, किती जण हिस्सेदार आहेत आणि एखादा जुना भाडेकरू अजून राहतो का, यावर बरेच काही अवलंबून असते. वाडा यादीत असेल तर वारसा समितीची परवानगी लागते आणि दर्शनी भागाबाबत नायिकेला मोकळा हात राहत नाही. हिस्सेदारांची संमती हा तर स्वतंत्र कथेचा विषय आहे. मी इथे असा वाडा धरतो जो यादीत नाही, ज्याच्या वाटण्या झालेल्या आहेत आणि ज्याचा निर्णय नायिकेच्या हातात आहे. त्यामुळे आपल्याला लाकूड, भिंत आणि ती खोली यांवरच लक्ष देता येईल.

आधी चौकटीविषयी. अशा वाड्यात दगडी तळखड्यावर सागवानी खांब उभा असतो, खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर तक्ते आणि तक्त्यांवर माडीची मातीची जमीन असते. या जमिनीचा भार चौकट पेलते. खांबांच्या मधल्या विटामातीच्या भिंती पुष्कळ ठिकाणी नुसती जागा भरतात. बाहेरच्या जाड भिंती मात्र तुळयांची टोके पोटात घेतात आणि भारही घेतात. कोणती भिंत कोणत्या प्रकारची आहे हे न ठरवता कुदळ चालवणारा आर्किटेक्ट कथेत दाखवला, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. म्हणून तुमची नायिका आधी मोजमाप करून नकाशा काढील, प्रत्येक खांबाला आणि तुळईला क्रमांक देईल आणि ते क्रमांक पत्र्याच्या चकत्यांवर ठोकून लावील. खडूने लिहिलेले आकडे कामाच्या धुळीत आणि पाण्यात पुसले जातात, आणि मग उतरवलेली कडी नेमकी कोणत्या खणातली होती हे कोणालाच सांगता येत नाही.

क्रमांक घालताना तिला एखाद्या खांबावर अशी खाच दिसू शकते जिच्यात काहीच बसलेले नाही आणि जिच्यासमोर कोणतीही तुळई येत नाही. जुन्या घरांमध्ये हे दुर्मीळ नाही. तो खांब आधी दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत उभा होता आणि तिथून काढून इथे लावला गेला, एवढाच त्याचा अर्थ. सागवान महाग होते आणि टिकाऊही होते, त्यामुळे ते उतरवून पुन्हा वापरण्याची पद्धत सर्वत्र होती. नायिकेच्या पणजोबांनीही कधीतरी काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा हिशेब केलेला होता, हे तिला त्या रिकाम्या खाचेवरून कळेल, आणि कथेत ते कोणी बोलून दाखवण्याची गरज नाही.

आता लाकडाची परीक्षा. सागाचा गाभा वाळवीला आणि बुरशीला चांगला तोंड देतो, बाहेरचा फिकट भाग तसा देत नाही. पण गाभासुद्धा वर्षानुवर्षे ओला राहिला तर कुजतो, आणि तो कुजतो टोकाला. तुळईचा जो भाग खोलीत दिसतो त्याला वारा लागतो. जे टोक भिंतीत गाडलेले असते त्याला भिंतीची ओल लागते आणि वारा लागत नाही. म्हणून मधून अगदी ठणठणीत दिसणारी तुळई भिंतीत हातभर पोकळ असू शकते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण साधारण 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिले की बुरशीला जम बसवता येतो, त्याच्या खाली ती वाढत नाही. त्यामुळे ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र नायिकेच्या खिशात असावे, आणि तिने ते तुळईच्या मध्यावर न टेकवता भिंतीलगत टेकवावे.

त्यानंतर हातोडी. चांगले लाकूड खणखणीत आवाज देते, कुजलेले बद्द वाजते. जिथे आवाज बदलतो तिथे सहा मिलिमीटरचे बारीक पाते लावून ड्रिलने भोक पाडायचे आणि हाताला लागणारा विरोध व बाहेर येणारा भुसा दोन्ही पाहायचे. सागाचा जिवंत भुसा सोनेरी असतो, त्याच्या बारीक सळ्या येतात आणि शंभर वर्षांनंतरही त्याला सागाचा तेलकट वास येतो. कुजलेल्या भागातून काळपट, दमट पूड येते आणि पाते आपोआप आत शिरते. दर दहा सेंटिमीटरवर असे एक भोक पाडत गेले की कूज कुठे संपते ती रेषा कागदावर आखता येते. नागपुरातले जुने सुतार ही परीक्षा पुष्कळदा यंत्राशिवाय करतात. "मॅडम, इथवर मेलं आहे, इथून पुढे जिवंत आहे," असे म्हणून ते पेन्सिलीने रेघ मारतात, आणि ड्रिलची रेषा तिच्यापासून फारशी लांब जात नाही.

आता आजोबांच्या खोलीकडे येऊ. समजा, आजोबांनी 1960 च्या सुमारास माडीवर तीन मीटर बाय चार मीटरची खोली बांधली. भिंती नऊ इंची विटांच्या, वर काँक्रीटचा स्लॅब, कोपऱ्यात मोरी. त्या काळी हे प्रतिष्ठेचे काम होते. आजोबा तिथे बसून वकिली करत असतील, किंवा मुलांच्या शिकवण्या घेत असतील. ते तुम्ही ठरवा. मला त्या खोलीच्या एका भिंतीत रस आहे. ती खालच्या मजल्यावरच्या कोणत्याही भिंतीवर उभी नाही, ती माडीच्या तुळईवर बांधलेली आहे.

हिशेब सोपा आहे आणि नायिका तो वहीच्या मागच्या पानावर करील. तीन मीटर लांब, 2.7 मीटर उंच आणि 23 सेंटिमीटर जाड भिंत म्हणजे सुमारे 1.86 घनमीटर वीटकाम. घनमीटरला 1900 किलो धरले तर साडेतीन टन होतात, आणि त्यावर स्लॅबचा वाटा वेगळा. त्याच तुळईने मुळात काय पेलायचे होते ते पाहा. तुळई तीन मीटर लांब, शेजारची तुळई 2.4 मीटरवर, म्हणजे तिच्या वाट्याला सात चौरस मीटरच्या आसपास जमीन येते. पंधरा सेंटिमीटर माती आणि खालच्या कड्या-तक्ते मिळून चौरस मीटरला तीनशे किलो धरले तर दोन टनांच्या आसपास भार होतो. म्हणजे आजोबांनी त्या तुळईवर तिच्या मूळ ओझ्याहून जास्त ओझे एका रेषेत आणून ठेवले, आणि मूळचे ओझेही तसेच राहू दिले. तरीही तुळई साठ वर्षे उभी राहिली, हे सागवानाचे आणि जुन्या सुतारांनी लाकूड सढळ हाताने वापरल्याचे श्रेय आहे. पुढची साठ वर्षे ती उभी राहील असा त्याचा अर्थ होत नाही.

ती थकली आहे हे दिसते कसे? खालून दोन्ही टोकांना सुतळी ताणून बांधायची आणि मध्यावर तुळई सुतळीच्या किती खाली आली आहे ते मोजायचे. तीन मीटरच्या तुळईला बारा-तेरा मिलिमीटरपर्यंतचा वाक नव्या बांधकामातही चालवून घेतात. जुन्या लाकडात त्याहून जास्त वाक असला तरी घाबरण्याचे कारण नसते, कारण लाकूड सततच्या भाराखाली हळूहळू वाकत जाते आणि तसेच राहते. पण पन्नास मिलिमीटर वाक दिसला तर तुळईच्या खालच्या अंगाला टॉर्च लावून भेगा पाहाव्या लागतात. जुन्या भेगेत धूळ आणि जाळी असते, तिच्या कडा आजूबाजूच्या लाकडाइतक्याच काळ्या असतात. अलीकडे पडलेली भेग आतून पिवळट, स्वच्छ दिसते. अशी स्वच्छ भेग मध्यावर, खालच्या बाजूला, लाकडाच्या धाग्यांना छेदत जाताना दिसली, तर त्या दिवशी नायिकेने नकाशाचे काम बाजूला ठेवून तुळईखाली टेकू लावायला हवेत. टेकू थेट ओसरीच्या फरशीवर ठेवायचे नसतात. खाली जाड फळी टाकून भार पसरवावा लागतो.

भिंतींच्या भेगांबाबत नागपुरात एक घोटाळा होतो. इथे पुष्कळ ठिकाणी जोत्याखाली काळी माती आहे, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात रुंद होणारी आणि ऑगस्टमध्ये मिटत येणारी तिरकी भेग त्या मातीची असते. ऋतूची पर्वा न करता नुसती वाढत जाणारी भेग भाराची असते. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी आडवी लावून तीवर तारीख लिहितात आणि वाट पाहतात. खरे उत्तर मिळायला वर्ष जाते. कथेचा कालावधी तुम्ही एका उन्हाळ्याच्या सुटीचा ठेवला असेल तर तो वाढवावा लागेल, किंवा नायिकेने ही पट्टी मागच्या वर्षीच, वाडा पाडायचा की राखायचा हे ठरले नसताना, लावून ठेवलेली असावी. मला दुसरा पर्याय अधिक आवडेल.

मोरीचे प्रकरण थोडक्यात. माडीवरच्या मोरीचे पाणी भिंतीत मुरते, आणि त्याच भिंतीत आपल्या तुळईचे टोक आहे. खाली सिमेंटचा गिलावा असल्यामुळे ओल बाहेर उडून जाऊ शकत नाही. माती आणि चुन्याची भिंत ओलावा घेते आणि सोडते. सिमेंट तिचे तोंड बंद करते, मग ओल वर चढते आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. कमरेच्या उंचीवर सरळ आडवी लोण्याची रेघ दिसली की तिथपर्यंत कोणीतरी हौसेने सिमेंट लावले आहे असे समजावे. हा गिलावा काढण्याबाबत मला कधी दुमत झालेले आठवत नाही. तो छिन्नीने हळूहळू काढायचा, भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्यायची आणि मग चुन्याचा गिलावा करायचा.

तर या वाड्यात नायिका काय ठरवील? तुळई ती ठेवील, असे माझे मत आहे. ड्रिलच्या भोकांवरून कूज टोकापासून चाळीस सेंटिमीटरपर्यंतच आहे असे दिसले, तर पूर्ण तुळई बदलणे उधळेपणाचे होईल. आज त्या आकाराचे जुने पक्के सागवान मिळवणेही सोपे नाही. मेलेला भाग कापून तिथे जुन्या सागाचाच नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडता येतो. टेक्याजवळ वाकवणारा जोर कमी असतो, पण लाकडाला आडवे कापू पाहणारा जोर तिथेच सर्वांत जास्त असतो, म्हणून सांध्याच्या दोन्ही अंगांना गॅल्व्हनाइज्ड स्टीलच्या पट्ट्या लावून आरपार बोल्ट घालावे लागतात. नवे टोक पुन्हा मातीत गाडायचे नाही. त्याखाली दगडी शिळा बसवायची आणि तिन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडायची, म्हणजे त्याला वारा लागेल. पट्ट्या दिसतील. त्या लाकडी फळीने झाकाव्यात असा आग्रह घरातले कोणीतरी धरीलच. मी झाकत नाही, कारण पुढच्या माणसाला दुरुस्ती कुठे झाली ते दिसले पाहिजे, आणि झाकलेल्या जागी वाळवीचा मातीचा माग कोणाच्याच लक्षात येत नाही.

खोली मात्र तशीच ठेवता येणार नाही. इथे नायिकेपुढे दोन खरे पर्याय आहेत आणि तुमची कथा मला वाटते या दोहोंमध्ये आहे. पहिला असा की खोलीच्या भिंतीखाली, खालच्या मजल्यावर, स्टीलचा नवा गर्डर आणि दोन खांब उभे करायचे. खोली जशीच्या तशी वाचते, पण ओसरीच्या मध्यात दोन परके खांब येतात, त्यांना काळ्या मातीत स्वतंत्र पाया द्यावा लागतो, आणि नवा पाया जुन्या जोत्याच्या तालावर वरखाली होत नाही. दोन्हींच्या सांध्यात कायमची भेग राहण्याचा धोका असतो. दुसरा पर्याय असा की विटा आणि स्लॅब उतरवायचे आणि त्याच जागी, त्याच मापाची, सागाच्या चौकटीची आणि फळ्यांची हलकी खोली करायची. अशी भिंत चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास बसते, म्हणजे तुळईवरची ती भिंत साडेतीन टनांवरून सव्वातीनशे किलोंवर येते. आजोबांच्या खिडक्या, दार, कपाटाच्या फळ्या, भिंतीतल्या खुंट्या त्याच उंचीवर परत लावता येतात. मोरी माडीवरून खाली, परसात न्यायची.

मी दुसरा पर्याय घेतला असता. पण नायिकेचे वडील किंवा आत्या पहिल्याच्या बाजूने बोलतील आणि त्यांचे म्हणणे चुकीचे ठरवू नका. वीट आणि स्लॅब ही त्यांच्यासाठी आजोबांची मिळकत आहे; त्या पैशांसाठी काय विकले होते तेही त्यांना ठाऊक आहे. "बाबांनी पक्की खोली बांधली होती, तू तिची फळ्यांची खोली करतेस," या वाक्याला नायिकेकडे वजनाच्या हिशेबाशिवाय दुसरे उत्तर नाही, आणि वजनाचा हिशेब आत्यापुढे मांडणे सोपे नाही.

उतरवण्याचा क्रमही नीट लिहा, कारण तिथे कथेला गती मिळते. आधी तुळईखाली टेकू, मग स्लॅबचे तुकडे करून खाली उतरवणे, मग भिंत वरून खाली, थर थर. जेसीबी आणि हातोड्याचे घाव नकोत, कारण त्यांच्या हादऱ्याने शेजारच्या खणातली माती सुटते. सर्व ओझे उतरल्यावर तुळई थोडी वर येते, पण पूर्ण सरळ होत नाही. तिला जॅक लावून एका दिवसात सपाट करण्याचा मोह ठेकेदाराला होतो. तसे केले तर शेजारच्या खांबांच्या खाचा उसवतात. दिवसाला एक-दोन मिलिमीटर, तेही जिथवर ती निमूट येईल तिथवरच. उरलेला वाक तसाच ठेवून वरची जमीन समतल करायची.

शेवटी ऋतू, कारण बाहेरच्या लेखकांच्या हातून इथे चूक होते. नागपुरात मान्सून जूनच्या मध्यावर येतो आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. छप्पर उघडायचे असेल तर दिवाळीनंतर उघडायचे आणि कवेलू मे संपण्याच्या आत परत चढवायचे. चुन्याचा गिलावा मेमध्ये करू नये. तो पक्का व्हायला ओलावा लागतो आणि त्या उन्हात तो दोन तासांत सुकून भुसभुशीत पडतो. करावाच लागला तर भिंतीवर ओली पोती टांगून दिवसातून अनेकदा पाणी मारावे लागते. म्हणून नायिकेचा कामाचा काळ नोव्हेंबर ते मार्च धरा. लोणा फुटलेली भिंत मात्र त्यापुढच्या उन्हाळ्यात उघडी राहील, तेव्हा काम संपल्याचा शेवट तुम्हाला त्याच वर्षी दाखवता येणार नाही. पहिल्या पावसात तुळईचे नवे टोक तपासायला ती ओलाव्याचे यंत्र घेऊन परत येईल, आणि आकडा 18 टक्क्यांच्या आत असला तरच पुढच्या दिवाळीनंतर चुना भिजत घालायला सांगेल.